शॉर्ट फिल्ममध्ये शेळी : मालकीण, चारा आणि पर्यायी शॉट

प्रश्न : आम्ही माण तालुक्यात अठरा मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय. आठ वर्षांची मुलगी आणि तिची शेळी अशी गोष्ट आहे, शेवटी शेळी बाजारात विकली जाते. शेळी गावातल्याच एका मावशींची घेणार आहोत. चार दिवसांचं शूट आहे, बजेट कमी. हँडलर वेगळा आणावा का? मुलीची आणि शेळीची सुरक्षितता कशी बघायची? आणि शेळीने ऐकलंच नाही तर काय करायचं?

उत्तर :

हँडलर वेगळा आणू नका. तुमचा हँडलर ठरलेला आहे, त्या मावशी. शेळी रोज ज्या हातातून चारा खाते, ज्या हाताला दूध देते, त्याच माणसामागे ती चालते. मुंबईहून प्राणी पुरवणारा माणूस आणलात तर तो स्वतःची, माणसांना सरावलेली शेळी आणेल. ते महाग पडेल आणि ती शेळी गावातली वाटेलच असं नाही. मावशींच्या शेळीला नवख्या माणसाच्या हाती दिलंत तर पहिला पूर्ण दिवस ओळख होण्यात जाईल, आणि तुमच्याकडे चारच दिवस आहेत.

पण मावशींना हँडलर म्हणायचं तर हँडलरसारखंच वागवायला हवं. त्यांचं नाव कॉल शीटवर घाला, शेळीच्या भाड्याशिवाय त्यांची रोजची मजुरी वेगळी धरा, आणि त्या सेटवर असताना त्यांच्या घरच्या बाकीच्या जनावरांचं कोण बघणार ते आधीच विचारा. नाहीतर दुपारी दोन वाजता त्यांचं सगळं लक्ष घराकडे असतं आणि शेळी त्यांच्याकडे बघून अस्वस्थ होते. युनिटसमोर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी स्पष्ट सांगा. शेळीशी बोलायचं, तिला हात लावायचा, तिला खायला घालायचं ते फक्त मावशींनी आणि त्या सांगतील तेव्हा मुलीने. आणि मावशी ‘आता बास’ म्हणाल्या की शॉट थांबला, तिथे दिग्दर्शकाचंही चालणार नाही. गावातली बाई वीस-पंचवीस शहरी माणसांसमोर आपणहून ‘बास’ म्हणत नाही. म्हणून एका असिस्टंटला फक्त त्यांच्याजवळ उभं करा. दर दोन-तीन टेकनंतर ‘मावशी, अजून एक चालेल का?’ एवढं विचारणं हेच त्याचं काम.

शूटच्या आठवडाभर आधी एक सकाळ आणि एक संध्याकाळ नुसती त्या गोठ्यापाशी काढा, हातात फक्त फोन ठेवा. किती वाजता ती चरायला निघते, कुठल्या वाटेने, कुणाच्या मागे, घरी आल्यावर पहिलं कुठे जाते, रवंथ करायला कुठे बसते, हे टिपून ठेवा. चार दिवसांत शेळीला काही शिकवता येत नाही. शॉट तिच्या सवयीवर बांधावा लागतो. साधारणपणे शेळी सकाळी आणि उन्हं उतरल्यावर चरते, आणि ऊन चढलं की सावलीत बसून रवंथ करते. म्हणजे चालण्याचे, येण्याजाण्याचे शॉट सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चारनंतर. बसलेली शेळी आणि शेजारी मुलगी असे संवादाचे शॉट भर दुपारी, सावलीत. एक लक्षात ठेवा, रवंथ करताना तिचा जबडा सतत हलतो. संवादाच्या एका अँगलला हलतोय आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर एडिटला ते डोळ्यांत भरतं. म्हणून दोन्ही अँगल एकाच बैठकीत उरका.

शेळी निवडतानाच पर्यायी योजनेचा अर्धा भाग होऊन जातो. तुमच्या भागात उस्मानाबादी शेळी सहज मिळते आणि ती बहुतेक काळी असते. काळ्या शेळीची डबल मिळते. शिंगांचा आकार आणि कानांची ठेवण जुळली की लांबच्या शॉटमध्ये कुणाला फरक कळत नाही. अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली शेळी फोटोत सुंदर दिसते, पण तिची जोडी अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही. ती लंगडली की फिल्म थांबली. काळ्या रंगाची अडचण तुमच्या कॅमेरामनला येईल, सावलीत तिचा चेहरा नुसता काळा गोळा दिसतो. त्यासाठी पांढरा थर्माकोल खाली, तिच्या तोंडाच्या पातळीला धरा, म्हणजे डोळ्यांत चमक येते. चांदीचा रिफ्लेक्टर मात्र नको. त्याची तिरीप हलली की ती बुजते.

अजून काही गोष्टी मावशींना आधीच विचारा. शेळी दुभती आहे का, करडू किती दिवसांचं आहे, गाभण आहे का, शेवटची माजावर कधी आली होती? शेळी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो दिवस-दीड दिवस ती शेपूट हलवत सारखी ओरडते, चाऱ्यावरही लक्ष नसतं. तुमच्या चार दिवसांत तो दिवस आला तर सिंक साउंड विसरा. लहान करडाची आई करडापासून दूर नेली की ओरडतच राहते, म्हणून मुख्य भूमिकेला न व्यालेली मोठी पाट किंवा आटलेली शेळी बरी. दुभतीच घ्यायची असेल तर तिच्या नेहमीच्या वेळेला दूध काढायला सोडा. कास तटतटलेली असताना ती एका जागी उभी राहणार नाही. गाभण शेळीचे शेवटचे महिने असतील तर तिला घेऊच नका. बोकडाचा विचार असेल तर तोही सोडा. माजात आलेला बोकड मुलीच्या अंगावर जाऊ शकतो.

शेळी कळपातलं जनावर आहे. एकटी सेटवर आणली की ती ओरडते, आणि ते नखरे नसतात, ती घाबरलेली असते. म्हणून त्याच गोठ्यातली दुसरी शेळी सोबत आणा, शक्यतो तीच तुमची डबल. तिला फ्रेमबाहेर, पण दिसेल अशी बांधा. याचा एक मोठा फायदा आहे. मुख्य शेळी तिच्याकडेच बघते, म्हणजे तुम्हाला हवी तशी नजर मिळते. शेळीने रस्त्याकडे बघायला हवंय, तर सोबतीण रस्त्याच्या बाजूला न्या. हातवारे, चुटक्या, शिट्ट्या यांची गरज पडत नाही.

आता एक शॉट पूर्ण मांडून दाखवतो. समजा तुमच्या पटकथेत असं आहे : शेळी फाटकातून येते, अंगण ओलांडते, ओट्यावर बसलेल्या मुलीच्या हातची भाकरी खाते आणि मुलगी तिच्या गळ्यात हात टाकते. हा एकाच टेकमध्ये घेण्याचा मोह होईल. त्याचे तीन तुकडे करा. पहिला, लांबून : फाटकाबाहेर मावशींच्या घरातला कुणीतरी शेळीला धरून उभा, मावशी ओट्यामागे दाराच्या आत, त्यांच्या हातात सुबाभळीचा डहाळा. कॅमेरा आधीच चालू. ‘अ‍ॅक्शन’ ओरडायचं नाही. दिग्दर्शक हात खाली करतो, बाहेरचा माणूस शेळी सोडतो, मावशी रोजच्यासारखी हाक मारतात. ती हाक ट्रॅकवर येणारच, म्हणून त्या टेकचा आवाज गेला असंच धरा आणि पावलांचा, घुंगराचा आवाज नंतर वेगळा घ्या. दुसरा तुकडा जवळून : शेळी ओट्याशी उभी, मुलगी भाकरीचा तुकडा देते. तिसरा : गळ्यात हात. यात शेळीने फक्त उभं राहायचं आहे, आणि ती नुकतीच खाऊन झाल्यावर सगळ्यात शांत उभी राहते. म्हणून तिसरा तुकडा दुसऱ्याला लागूनच घ्या, मध्ये लायटिंग बदलू नका.

क्लॅप शेवटी द्या आणि शेळीपासून लांब, हळू. बूमवरचा केसाळ विंडशील्ड आधी जमिनीवर ठेवून तिला हुंगू द्या. डोक्यावर अचानक आलेलं केसाळ काहीतरी तिला कुत्र्यासारखं वाटत असावं, असं माझं निरीक्षण आहे. ड्रोन शेळी फ्रेममध्ये असताना खाली आणूच नका, सगळा कळप उधळतो.

या शॉटमधला खरा धोका भाकरीत आहे, आणि बहुतेक युनिटना तो माहीत नसतो. शेळीचं पोट पाल्यासाठी, चाऱ्यासाठी बनलेलं आहे. धान्य, भरडा, भाकरी, भात एकदम जास्त गेला की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. गावाकडे लग्नाचं उरलेलं अन्न खाऊन शेळ्या मरतात त्या यामुळेच. दहा टेक घ्यायचे, प्रत्येक टेकला चतकोर भाकरी, वर ‘चांगलं काम केलं’ म्हणून कुणीतरी मूठभर मका, असं दुपारपर्यंत सहज होतं. म्हणून टेकसाठी दोन बोटांएवढाच तुकडा द्या, दिवसभरात सगळे तुकडे मिळून अर्ध्या भाकरीच्या वर जाऊ नका, आणि बक्षीस म्हणून पालाच द्या : सुबाभूळ, शेवरी, बोर, बाभळीचा पाला. मुलीच्या हातात भाकरी मोठी दिसायला हवी असेल तर मोठी भाकरी मुलीच्या दुसऱ्या हातात राहू द्या आणि तुकडा वेगळा. युनिटचं जेवण बंद जागेत ठेवा आणि उरलेला भात उघड्यावर टाकू नका. शेळी सुटली की आधी तिथेच जाणार.

शूटच्या दिवसांत तिची डावी भकाळी बघायची सवय लावून घ्या. बरगड्या संपतात तिथे मागे, डाव्या अंगाला खळगा असतो. तो भरून फुगला, बोटाने टिचकी मारल्यावर ढोलासारखा वाजला, तिने रवंथ थांबवली, दात खाऊ लागली, वळून वळून पोटाकडे बघू लागली, तर तो पोटफुगीचा इशारा. शूट तिथेच थांबवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक कॉल शीटवर छापा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना शूटच्या तारखा आधी सांगून ठेवा. आडव्या पडलेल्या शेळीच्या तोंडात तेल किंवा सोड्याचं पाणी ओतायला कुणी धावलं तर अडवा, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

लोकेशनवर अंगणात कण्हेर आहे का बघा. तिचा पाला शेळीला विषारी असतो, आणि आर्ट डिपार्टमेंट हिरवळ म्हणून नेमक्या त्याच फांद्या आणून लावतं. सारवलेली जमीन उत्तम. फरशीवर चालवायचं असेल तर फ्रेमबाहेरच्या भागात गोणपाट टाका, खूर घसरतात. केबल तिच्या वाटेवरून नेऊ नका, शेळी वायर चावते. लाईट स्टँडवर वाळूच्या पिशव्या हव्यातच, कारण अंग खाजलं की ती पहिली स्टँडलाच घासते.

मुलीबाबत दोन गोष्टींत तडजोड करू नका. शेळीचं दावं मुलीच्या मनगटाला गुंडाळायचं नाही, ती बुजून पळाली तर मूल फरफटत जातं. दावं नुसतं मुठीत, सोडता येईल असं धरायचं. आणि शिंगं नेमकी आठ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याच्या उंचीला येतात. शेळी मारायला जात नाही, पण माशी हाकलायला मान झटकते आणि शिंग डोळ्याला लागतं. गळ्यात हात टाकायच्या शॉटला मुलीचा चेहरा शेळीच्या मानेच्या मागे, खांद्यापाशी ठेवा, डोक्याजवळ नको. फ्रेममध्येही तेच जास्त जवळचं दिसतं. शूटआधी चार-पाच संध्याकाळी मुलीला गोठ्यावर न्या, तिच्या हातून चारा द्या, म्हणजे पहिल्या दिवशी दोघी एकमेकींना नवख्या नसतील. शेळीच्या ओठांवर खपल्या किंवा फोड दिसले तर ती शेळी नको. तो ‘मावा’ असू शकतो आणि माणसाच्या हातालाही होतो. प्रत्येक सीननंतर मुलीने साबणाने हात धुवायचे, आणि सेटवर कच्चं दूध कुणी प्यायचं नाही. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. शेळीलाही हेच वेळापत्रक लावा. दोघींच्या विश्रांतीची वेळ एकच ठेवली की शेड्युल सोपं होतं.

परवानगीचं लगेच हातात घ्या, कारण कमी बजेटच्या फिल्म नेमक्या इथेच अडकतात. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 1960 चा, आणि त्याखाली 2001 चे प्रदर्शनीय प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आहेत. शेळी घरची आहे, पाळीव आहे, म्हणून त्यातून सुटका नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे मालकाच्या नावाने नोंदणी आणि शूटची पूर्वसूचना द्यायची असते. तिच्यात प्राण्याचं वय, तब्येत, तो पडद्यावर काय करणार, किती वेळ, हे सगळं येतं, आणि सोबत पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. सध्याचे अर्ज आणि शुल्क awbi.gov.in वर बघा. काय करणार हे लिहिताना ‘शेळी असते’ असं मोघम लिहू नका. ‘फाटकातून अंगणात चालत येते, मुलीच्या हातून भाकरीचा तुकडा खाते’ असं सीनवार लिहा. शूट झाल्यावर मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं, सेन्सॉरकडे गेलात तर ते मागतात. त्यासाठी प्रत्येक प्राण्याच्या सीनचं कच्चं फुटेज आणि पडद्यामागचं थोडं चित्रण जपून ठेवा. याच नियमांत गुंगीची औषधं, आगीजवळ किंवा मोठ्या आवाजांजवळ प्राणी नेणं, गुळगुळीत जमिनीवर न घसरणाऱ्या चटईशिवाय चालवणं, झुंज लावणं, या सगळ्याला मनाई आहे. ‘पार्श्वभूमीला एक बैलगाडी आणि पिंजऱ्यातला पोपट’ असं आर्ट डिपार्टमेंटने सुचवलं तर आधी थांबवा. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच वन्यजीव कायद्यात बसत नाही. आणि बैल 2011 मध्ये केंद्राने प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला, त्यानंतर त्यावर कोर्टकज्जे आणि राज्यांच्या दुरुस्त्या झाल्या. त्यामुळे मंडळाला विचारल्याशिवाय बैल पटकथेत ठेवू नका.

तुमच्या शेवटाकडे येतो, कारण सगळ्यात अवघड तोच आहे. शेळी विकली जाते, टेम्पोत चढते, मुलगी मागे धावते. खऱ्या आठवडे बाजारात खऱ्या गर्दीत शेळी नेऊ नका. तिथे बाहेरच्या कळपांतून रोग लागण्याची भीती आणि गर्दीत दावं सुटण्याची भीती. बाजाराचे लांबचे शॉट शेळीशिवाय घ्या आणि विक्रीचा सीन गावातल्याच मोकळ्या जागेत चार-पाच माणसं आणि मावशींच्याच दोन-तीन शेळ्या घेऊन करा. टेम्पोत चढवताना उचलून कोंबायचं नाही, फळी लावा आणि सोबतीण आधी वर चढवा, ही मागोमाग जाते. टेम्पोच्या जमिनीवर गवत पसरा. शेळीचा चेहरा जाळीतून दिसतो तो शॉट उभ्या टेम्पोत घ्या, मावशी आत खाली बसलेल्या. टेम्पो निघून जातो तो शॉट रिकाम्या टेम्पोचा. मुलगी धावते तो तिसरा, टेम्पो सेटवर नसताना, कॅमेऱ्यामागून चालणाऱ्या माणसाकडे बघत. तिन्ही जोडल्यावर प्रेक्षकाला शेळी जातानाच दिसते.

तिचा व्याकूळ आवाज हवा म्हणून करडू तोडून तिला ओरडायला लावू नका. संध्याकाळी कळप चरून परत येतो तेव्हा गोठ्यातली करडं आणि आया एकमेकींना हाका मारतात. त्या वेळी रेकॉर्डिस्टला तासभर आधी गोठ्यात नेऊन बसवा. जो आवाज मिळेल तो तुम्हाला सबंध फिल्मभर पुरेल. जवळची, लांबची, एकटीची अशी वेगवेगळी हाक त्यात सापडते.

ऐकलंच नाही तर, याचं उत्तर कॉल शीटमध्ये असायला हवं. शेळीचा प्रत्येक सीन ज्या जागी आहे, त्याच जागी, त्याच प्रकाशात होईल असा तिच्याशिवायचा एक छोटा सीन तयार ठेवा. मुलगी भांडी घासते, आजी दाणे निवडते, काहीही. पाचेक टेक किंवा वीस मिनिटं, जे आधी होईल ते, आणि जमलं नाही तर शेळी सावलीत जाते आणि युनिट दुसऱ्या सीनवर. तासाभराने परत या, बहुतेक वेळा तीच शेळी पहिल्या टेकला चालते. धीर धरायचा म्हणजे कॅमेरा लावून तिच्यासमोर ताटकळणं नव्हे. वीस माणसं रोखून बघत असताना शेळीही ताणाखाली असते. कान मागे, शेपूट खाली, वारंवार लेंड्या आणि मुतणं दिसलं की ती थकली किंवा घाबरली, पुढचे टेक वाया जाणार.

आणि पहिल्या दिवशी पहिल्या तासात कथेतला कुठलाही सीन न धरता फक्त शेळीचे सुटे शॉट घेऊन ठेवा. खूर, कान, रवंथ करणारं तोंड, डोळा, गळ्यातलं घुंगरू, रिकाम्या खुंटीला सोडलेलं दावं. दिग्दर्शकासोबत बसून पटकथेतल्या शेळीच्या प्रत्येक सीनसमोर लिहा, शेळी फ्रेममध्ये नसली तर हा सीन कसा घ्यायचा. भाकरीच्या सीनला मुलीचा चेहरा, फ्रेमबाहेर घुंगराचा आवाज, आणि तळहातावरून नाहीसा होणारा तुकडा एवढ्यावर काम भागतं. ज्या सीनसमोर असं काहीच लिहिता येत नाही, ते दोन किंवा तीनच निघतील. तेच दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. पहिल्या दिवशी शेळीला माणसांची सवय झालेली असते, आणि काही चुकलं तर पुढचे दोन दिवस हातात असतात.